रक्त चढवताना रिॲक्शन आली तर: आमच्या वॉर्डातल्या एका रात्रीवरून विचारले जाणारे प्रश्न

मी इंदूरच्या एका रुग्णालयात स्त्रियांच्या सर्जिकल वॉर्डात एकोणीस वर्षं सिस्टर आहे. राहायला रामबागेत. ओळखीतल्या कुणाला रक्त चढवायचं ठरलं की घरची माणसं आधी मला गाठतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. माझी उत्तरं मात्र एका रात्रीनंतर बदलली. म्हणून सुरुवात त्या रात्रीपासून करते.

त्या रात्री नेमकं काय झालं?

सात नंबरच्या कॉटवर एक काकू होत्या. वय अठ्ठावन्न, वजन पंचावन्न किलो. गर्भाशयातल्या गाठींमुळे महिनोन्‌महिने रक्तस्राव होऊन हिमोग्लोबिन ६.९ वर आलेलं. ऑपरेशनच्या आधी दोन बॅगा रक्त द्यायचं ठरलं होतं. त्यांचा रक्तगट ओ पॉझिटिव्ह. अकरा नंबरच्या कॉटवर दुसऱ्या एक बाई होत्या, गट बी पॉझिटिव्ह. दोघींचं आडनाव एक आणि पहिलं नावही एकच. आपल्याकडे एका पिढीतल्या बायकांची नावं किती सारखी असतात, हे वेगळं सांगायला नको.

रात्री पावणेनऊच्या सुमारास वॉर्डबॉय एकाच डब्यातून दोन्ही बॅगा घेऊन आला आणि नेहमीसारखं म्हणाला, "दीदी, ब्लड आ गया." माझ्याबरोबरची सिस्टर नवीन होती. तिनं एक बॅग उचलली, सात नंबरची फाइल काढली आणि नाव जुळवलं. नाव जुळलंच. तपासणी दोघींनी करायची असते, दोघींच्या सह्या लागतात. दुसरी सही माझी आहे. मी ती टेबलाशी बसून केली, कॉटपाशी जाऊन नाही.

नवीन सिस्टरनं काकूंना विचारलं, "आप ही हैं ना?" आणि नाव घेतलं. काकू म्हणाल्या, "हो." त्यात त्यांचं काय चुकलं? नाव त्यांचंच होतं.

नऊ वाजून पाच मिनिटांनी बॅग सुरू झाली. त्याआधी ताप ९८.४, नाडी ८८, बीपी ११८/७६. वेग मिनिटाला तीस थेंब. सव्वानऊला काकू लेकीला म्हणाल्या, "हात जळतोय गं." लेकीनं सिस्टरला बोलावलं. सिस्टरनं सुईची जागा पाहिली, सूज नव्हती, म्हणून "थोडं होतं तसं" म्हणून ती दुसऱ्या पेशंटकडे गेली. नऊ बावीसला काकू उठून बसायला लागल्या. कंबर दुखतेय, छाती आवळल्यासारखी वाटतेय, आणि मग दात वाजतील अशी थंडी. त्या सारखं एकच म्हणत होत्या, "मला काहीतरी होतंय, मला बरं वाटत नाहीये." नऊ पंचवीसला मी कॉटपाशी पोचले आणि बॅग बंद केली.

बॅगेवरचं लेबल गुलाबी होतं.

लेबलच्या रंगावरून काय कळतं?

आपल्या देशात रक्ताच्या बॅगेवरच्या लेबलचे रंग गटाप्रमाणे ठरलेले आहेत. ओ निळा, ए पिवळा, बी गुलाबी, एबी पांढरा. काकूंच्या फाइलवर ठळक अक्षरात ओ पॉझिटिव्ह लिहिलेलं होतं आणि डोक्यावर गुलाबी लेबल टांगलेलं होतं. वीस मिनिटं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. रंग ही मदत आहे, पुरावा नव्हे, कारण एकाच गटाच्या दोन पेशंटांच्या बॅगांची अदलाबदल झाली तर रंग काहीच बोलणार नाही. पण त्या रात्री एकदा जरी मान वर करून पाहिलं असतं तरी पुरलं असतं.

मग बॅगेवर वाचायचं तरी काय?

बॅगेवर दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि बऱ्याच लोकांना त्या एकच वाटतात. एक म्हणजे बॅगेचं स्वतःचं लेबल: बॅगेचा नंबर, रक्तगट, रक्त घेतल्याची तारीख, मुदत संपायची तारीख, आणि एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, सिफिलिस व मलेरियाच्या तपासण्या झाल्याची नोंद. दुसरी म्हणजे त्या बॅगेला बांधलेली क्रॉसमॅचची चिठ्ठी. हे रक्त कुणासाठी जुळवलंय ते त्या चिठ्ठीवर असतं: पेशंटचं नाव, नोंदणी क्रमांक, वॉर्ड, कॉट आणि परत बॅगेचा नंबर.

जुळवायचं ते या दोन कागदांचं आणि पेशंटच्या हातावरच्या पट्टीचं. चिठ्ठीवरचा बॅग नंबर लेबलवरच्या नंबराशी, आणि चिठ्ठीवरचा नोंदणी क्रमांक हातावरच्या पट्टीशी. फाइलशी नव्हे. फाइल कुणीही उचलून कुठल्याही कॉटवर ठेवू शकतं, हात मात्र पेशंटबरोबरच असतो.

आमच्याकडे नेमकी तिथंच फट पडली. काकूंच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, पट्टी त्यांच्यावर घट्ट बसून रुतायला लागली, म्हणून दुपारी कुणीतरी ती कापून फाइलच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवली होती. त्यामुळे त्या रात्री हातावर वाचायला काहीच नव्हतं. दोघींचे नोंदणी क्रमांक एकमेकांच्या जवळपासही नव्हते. वाचला असता तर पहिल्या दोन आकड्यांतच कळलं असतं.

"तुम्ही अमुक का?" असं न विचारता "तुमचं नाव काय?" असं का विचारायचं?

कारण पहिल्या प्रश्नाला माणूस "हो" म्हणून मोकळा होतो. पेशंट थकलेला असतो, ऐकू नीट येत नसतं, सिस्टर घाईत दिसते, त्यात आपल्या बायांना नाही म्हणायचा संकोच. म्हणून नाव त्यांच्या तोंडून यायला हवं. आमच्या वेळी नाव विचारूनही भागलं नसतं, कारण नावं सारखीच होती. अशा वेळी नोंदणी क्रमांकाला पर्याय नाही. एकाच नावाचे दोन पेशंट वॉर्डात असले तर आता आम्ही दोघींच्याही फाइलवर तसं लाल शाईनं लिहितो आणि कॉट शेजारी शेजारी असतील तर एकीला हलवतो.

ब्लड बँकेनं ही चूक पकडायला नको होती का?

हा प्रश्न काकूंच्या मुलानं दुसऱ्या दिवशी रागानं विचारला होता. त्याचा राग रास्त होता, पण चूक तिथली नव्हती. ब्लड बँक आपल्याकडे आलेला नमुना घेते, त्याचा गट काढते आणि बॅगेतल्या रक्ताशी तो जुळतो का ते पाहते. ती बॅग अकरा नंबरच्या बाईंच्या नमुन्याशी अगदी बरोबर जुळवलेली होती. ती पुढं कुणाच्या हाताला लागते हे तिथल्या टेबलावरून दिसत नाही.

याचीच दुसरी बाजू म्हणजे नमुना घेताना होणारी चूक. एकीचं रक्त काढून बाटलीवर दुसरीचं नाव लिहिलं तर ब्लड बँक चुकीच्या नमुन्याशी बरोबर जुळवलेली बॅग पाठवते, आणि मग कॉटपाशी सगळे कागद जुळूनही बॅग चुकीचीच असते. म्हणून बाटलीवर नाव आणि नंबर पेशंटच्या कॉटपाशीच लिहायचे, टेबलावर आधीच लेबलं लावून ठेवायची नाहीत. रक्त काढायला कुणी आलं तर तुमच्यासमोर लेबल लिहितात का, एवढं जरूर बघा.

चुकीच्या गटाचं रक्त गेलं की शरीरात काय होतं?

ओ गटाच्या माणसाच्या रक्तात ए आणि बी या दोन्हींविरुद्धच्या प्रतिपिंडांचा साठा लहानपणापासून तयार असतो. त्यासाठी आधी कधी रक्त चढलेलं असावं लागत नाही. रक्तगटांचा हा मूळ भेद कार्ल लँडस्टायनरनं १९०१ मध्ये मांडला आणि त्यासाठी त्याला १९३० मध्ये नोबेल मिळालं.

बी गटाच्या पेशी आत गेल्या की ही प्रतिपिंडं त्यांना चिकटतात आणि त्या पेशी रक्तवाहिनीतच फुटतात. फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन प्लाझ्मात सांडतं, मूत्रपिंडातून गाळलं जातं आणि लघवी लालसर काळपट होते. त्याच वेळी शरीरात अशी काही रसायनं सुटतात की बीपी कोसळतं, थंडी भरते, कंबर आणि छाती दुखते. त्रास वाढला तर मूत्रपिंडं काम थांबवतात आणि रक्त गोठण्याची व्यवस्था बिघडून जिथं तिथं रक्तस्राव सुरू होतो.

किती रक्त आत गेलं यावर पुष्कळसं अवलंबून असतं. आमच्या सेटचे वीस थेंब म्हणजे एक मिली. मिनिटाला तीस थेंब म्हणजे दीड मिली. वीस मिनिटांत तीस मिली. "हात जळतोय" म्हटल्यावर सव्वानऊलाच बंद केलं असतं तर पंधरा मिली, म्हणजे निम्मंच. पूर्ण बॅग अडीचशे मिलीच्या आसपासची होती. ती सगळी गेली असती तर काकू आज असत्या असं मी म्हणू शकत नाही.

पहिली पंधरा मिनिटं सिस्टर पेशंटपाशी थांबते ती यासाठीच का?

हो. सुरुवातीला वेग मुद्दाम कमी ठेवतात. सर्वात धोक्याची रिॲक्शन बहुतेकदा पहिल्या काही मिनिटांतच डोकं वर काढते, आणि तेव्हा आत गेलेलं रक्त जितकं कमी तितकं बरं. सुरू करण्याआधी ताप, नाडी, बीपी, श्वास मोजायचे, पंधरा मिनिटांनी परत मोजायचे, आणि त्यानंतर बॅग संपेपर्यंत ठरावीक अंतरानं.

तुमच्या माणसाला बॅग लावून सिस्टर लगेच निघून गेली तर न लाजता म्हणा, "ताई, जरा थांबा." ती दुसऱ्या पेशंटसाठीच धावत असेल, तरी म्हणा. त्या रात्री नवीन सिस्टर निघून गेली ती पाच नंबरच्या पेशंटला उलटी झाली म्हणून. तिचा हेतू वाईट नव्हता. पण तेवढा वेळ तिच्या जागी मी उभं राहायला हवं होतं.

बेशुद्ध किंवा भूल दिलेला पेशंट "हात जळतोय" असं सांगू शकत नाही. तिथं अचानक पडलेलं बीपी, कारण नसताना ओघळणारं रक्त किंवा लघवीच्या पिशवीत उतरलेला लाल रंग हीच काय ती खूण.

बॅग बंद केल्यावर तुम्ही काय काय केलं?

आधी नळीचा रोलर पूर्ण बंद केला. वेग कमी करून बघणं हा मार्गच नाही. मग सेट सुईपासून सोडवला, पण सुई काढली नाही. घरच्यांना वाटतं की सुई काढली म्हणजे त्रास थांबेल. उलट बीपी पडायला लागलं की शिरा आकसतात आणि नवीन सुई लागता लागत नाही. औषध आणि सलाइन देण्याची वाट उघडी राहायला हवी.

त्यानंतर सलाइन लावलं ते नवीन सेटनं. जुन्या नळीत काही मिली रक्त उरलेलं असतं. त्याच नळीतून सलाइन सोडलं तर ते रक्त आपणच आत ढकलतो. घाईत ही चूक मी होताना पाहिली आहे.

ड्यूटीवरच्या डॉक्टरांना बोलावणं चालू असतानाच लेबल, चिठ्ठी आणि फाइलमधली पट्टी मोठ्यानं वाचली. चिठ्ठीवर अकरा नंबर. त्या क्षणी माझ्या पायाखालची जमीन सरकली. पण लगेच पुढचा प्रश्न आला: मग काकूंची बॅग कुठे आहे? मी नवीन सिस्टरला अकरा नंबरकडे पळवलं. एक बॅग चुकली म्हणजे दुसरीही चुकलेली असण्याची शक्यता असते, आणि सगळं लक्ष थरथरणाऱ्या पेशंटवर असताना दुसऱ्या कॉटवर तेच घडत असू शकतं. नशिबानं दुसरी बॅग ट्रॉलीवरच होती. ब्लड बँकेला फोन करून दोन्ही नावांवरचं पुढचं रक्त थांबवायला सांगितलं.

नऊ सत्तावीसला ताप १०१.२, नाडी १२४, बीपी ९२/५८. डॉक्टर आले, ऑक्सिजन लावला, सलाइन जोरात सुरू केलं, कॅथेटर घातला. पहिली लघवी आली ती कोऱ्या चहासारखी गडद, आणि दिव्यासमोर धरली तर लाल. लेकीनं ती पाहिली आणि भिंतीला टेकून खाली बसली.

ॲव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन दिलं की रिॲक्शन जाते ना?

हा समज घरच्यांइतकाच वॉर्डातही आहे, आणि तो मला फार खटकतो. ॲव्हिल ॲलर्जीवर चालतं. अंगावर गांधी उठल्या, खाज सुटली आणि बाकी सगळं ठीक असलं तर बॅग थांबवून ते देतात, आणि त्रास पूर्ण शमला तर डॉक्टर तीच बॅग हळू वेगानं परत सुरूही करतात. फुटणाऱ्या पेशींवर मात्र त्याचा उपयोग नाही. उलट पेशंट गुंगीत जातो, तक्रार करायचा थांबतो, आणि सगळ्यांना वाटतं बरं वाटलं.

चुकीच्या गटाच्या रक्तावर उतारा असं एखादं औषध नाही. बीपी टिकवायचं, मूत्रपिंडांतून लघवी वाहती ठेवायची, रक्त गोठतंय ना ते पाहत राहायचं. काकूंना त्या रात्री आयसीयूत हलवलं. दर तासाला लघवी मोजली जात होती, आणि डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की तासाला पन्नास मिलीच्या खाली गेली तर लगेच कळवा. पहाटे तीनच्या सुमारास ती वीसवर आली. तेव्हा आधी सलाइन पुरेसं गेलंय का ते पाहिलं आणि मग लघवी वाढवायचं इंजेक्शन दिलं. सकाळी सातला रंग फिकट झाला होता.

थंडी वाजली म्हणजे दरवेळी चुकीचंच रक्त असतं का?

नाही. पुष्कळदा थंडी-ताप येतो तो बॅगेत राहिलेल्या पांढऱ्या पेशींमुळे आणि साठवणुकीत त्यांच्यातून सुटलेल्या द्रव्यांमुळे. त्यात ताप एखाद्या अंशानं चढतो, थंडी वाजते, पॅरासिटामॉलनं उतरतो आणि पुढं काही होत नाही. हा त्रास बहुधा बॅग बरीचशी गेल्यावर किंवा संपल्यावर तासा-दोन तासांत येतो.

पण कॉटपाशी उभं असताना हा साधा ताप आहे की दुसरं काही, हे नुसतं बघून सांगता येत नाही. चुकीचा गट, जंतू वाढलेली बॅग आणि हा साधा ताप, तिन्हींची सुरुवात थंडीनंच होते. म्हणून आधी बंद करायचं, कागद तपासायचे, आणि साधा ताप हे निदान सगळ्यात शेवटी, बाकीचं नाही म्हणून खात्री पटल्यावर करायचं. सोबत बीपी पडलं, कंबर दुखली किंवा लघवीचा रंग बदलला तर तो साधा ताप नव्हे.

ताप नाही पण धाप लागली, आडवं झोपवत नाही, खोकला येतो, असं वयस्कर किंवा हृदयाच्या पेशंटला झालं तर रक्त फार वेगानं गेलं असण्याची शक्यता असते. फुप्फुसांना होणारा आणखीही एक गंभीर त्रास रक्त दिल्यावर सहा तासांच्या आत येऊ शकतो. दोन्हींत लगेच डॉक्टर हवेत.

उरलेली बॅग फेकून का देत नाहीत? किंवा तीच परत का लावत नाहीत?

काकूंच्या दिरांनी विचारलं होतं, "दोन डोनर उभे केले होते आम्ही, आता ते रक्त वाया?" त्यांचं दुःख मला कळलं. पण अशी रिॲक्शन आलेली बॅग परत लावत नाहीत. ती नळीसकट, तोंड बंद करून ब्लड बँकेत परत जाते. सोबत पेशंटच्या दुसऱ्या हातातून घेतलेले ताजे नमुने जातात, एक जांभळ्या झाकणाच्या नळीत आणि एक लाल झाकणाच्या, शिवाय रिॲक्शननंतरची पहिली लघवी आणि भरलेला फॉर्म. फॉर्मवर बॅग नंबर, सुरू केल्याची वेळ, पहिली तक्रार किती वाजता आणि काय, बंद केल्याची वेळ, साधारण किती मिली गेलं, आधीचं आणि नंतरचं ताप-बीपी हे सगळं लिहायचं. वेळा आठवून नव्हे, तिथल्या तिथं लिहायच्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनाच "लगेच बंद केलं" असं आठवतं.

ब्लड बँकेनं आधीचा जपून ठेवलेला नमुना आणि नवा नमुना दोन्ही फिरवून शेजारी ठेवले. आधीच्यातला प्लाझ्मा गवती पिवळा, नंतरच्यातला गुलाबी-लाल. दुसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी मला बोलावून त्या दोन नळ्या दाखवल्या. गट परत काढला: काकू ओ, बॅग बी. पेशींना प्रतिपिंड चिकटलेलं आहे का हे पाहणारी कूम्ब्ज टेस्ट फक्त हलकीशी पॉझिटिव्ह होती. त्यांनी समजावून सांगितलं की परक्या पेशी बऱ्याचशा फुटून गेल्या की ती अशी फिकी येऊ शकते, फिकी आली म्हणून निर्धास्त व्हायचं नाही.

अशी घटना पुढे कुणाला कळवतात की दाबून टाकतात?

देशात १० डिसेंबर २०१२ पासून हिमोव्हिजिलन्सचा, म्हणजे रक्त चढवताना येणाऱ्या रिॲक्शनची नोंद ठेवण्याचा, राष्ट्रीय कार्यक्रम आहे, नोएडाच्या राष्ट्रीय जैविक संस्थेमार्फत चालतो. ब्लड बँक तिथं रिॲक्शनची नोंद पाठवते. आमचीही पाठवली. घरच्यांनाही त्याच रात्री डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की बॅग दुसऱ्या पेशंटची होती. मी शेजारी उभी होते. मला बोलता आलं नाही, पण सही माझी आहे हे दुसऱ्या दिवशी मी मुलाला सांगितलं. चौकशी झाली आणि तिच्यात वेळांचा तो कागदच उपयोगी पडला.

बॅग गार असते, गरम पाण्यात ठेवून कोमट करावी का?

अजिबात नाही. जास्त तापलं की पेशी बॅगेतच फुटतात. रेडिएटरवर, उन्हात, काखेत, काहीही नको. फार जलद रक्त द्यावं लागलं तर त्यासाठी वेगळं यंत्र असतं. बॅग ब्लड बँकेच्या फ्रिजमधून निघाली की अर्ध्या तासात सुरू व्हावी आणि सुरू केल्यापासून चार तासांत संपावी. वॉर्डाच्या साध्या फ्रिजमध्ये ठेवायची नाही. त्याच नळीतून दुसरं औषध किंवा ग्लुकोजही सोडायचं नाही, चालतं ते फक्त नॉर्मल सलाइन.

ओ गटाचं रक्त सगळ्यांना चालतं, मग सगळ्यांना तेच का देत नाहीत?

जीव वाचवायची घाई असते तेव्हा ओच्या लाल पेशी देतात, पण तेवढा साठा कुठेच नसतो. शिवाय ओसुद्धा सगळ्यांना चालत नाही. मुंबईत डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये शोधलेला बॉम्बे रक्तगट साध्या तपासणीत ओसारखा दिसतो, पण त्या माणसाला ओ रक्त दिलं तरी अशीच भयंकर रिॲक्शन येते. क्रॉसमॅच केली की ते उघडकीस येतं. म्हणून गट माहीत असला तरी क्रॉसमॅच टाळायची नाही.

घरी आल्यावर किती दिवस लक्ष ठेवायचं?

दोन आठवडे तरी. ज्यांना आधी रक्त चढलेलं आहे किंवा ज्या बायकांची बाळंतपणं झाली आहेत, त्यांच्यात कधी कधी इतर लहान गटांविरुद्धची प्रतिपिंडं असतात. तपासणीत सापडणार नाहीत इतकी ती कमी झालेली असतात आणि नव्या रक्तानंतर पुन्हा वाढतात. मग तीन ते चौदा दिवसांनी डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, ताप येतो आणि वाढलेलं हिमोग्लोबिन परत खाली येतं. लोक याला कावीळ समजून झाडपाल्याकडे जातात. डॉक्टरांकडे जा आणि अमुक तारखेला रक्त चढलं होतं हे आधी सांगा.

काकूंचं पुढे काय झालं? त्यांना परत रक्त देता आलं का?

आलं. मूत्रपिंडं कशी चालतात ते दाखवणारं क्रिएटिनिन ०.९ होतं ते तिसऱ्या दिवशी २.१ झालं, तिथून उतरत नवव्या दिवशी १.२ वर आलं. डायलिसिसची वेळ आली नाही. ऑपरेशन पुढं ढकललं, पण हिमोग्लोबिन वाढवणं तर भागच होतं. आदल्या रात्री ट्रॉलीवर राहिलेली बॅग ब्लड बँकेनं परत घेऊन बाद केली होती, कारण ती फार वेळ बाहेर होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवीन नमुना घेतला, नवीन क्रॉसमॅच केली आणि ओ पॉझिटिव्हची नवी बॅग आली.

लेकीला ती लावू द्यायची नव्हती. मी तिला म्हटलं, आधी तू वाच, मग मी लावते. बांगड्या आम्ही आधीच डाव्या हातात सरकवल्या होत्या, पट्टी उजव्या हातात होती. लेबल निळं होतं. लेक आईचा हात हातात धरून पट्टीवरचा एकेक आकडा मोठ्यानं वाचत होती, आणि मी चिठ्ठीवर बोट ठेवून तोच आकडा परत म्हणत होते. शेवटचा आकडा झाल्यावर तिनं पुन्हा पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. मी थांबले. दुसऱ्यांदा जुळल्यावर मिनिटाला वीस थेंबांवर बॅग सुरू केली, स्टूल ओढलं आणि पंधरा मिनिटं काकूंच्या हाताकडे बघत बसले.